दोन प्लांटमधली विभागणी दर महिन्याला का उलटते? कॉस्ट शीटमधला बिघाड आणि त्याची दुरुस्ती

लक्षणं

एकच माल दोन प्लांटमध्ये बनतो. महिन्याची मागणी फारशी हलत नाही. तरीही कोणत्या प्लांटला किती नग द्यायचे यावर प्लॅनिंगच्या मीटिंगमध्ये दर वेळी नव्याने वाद होतो आणि निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे झुकतो. अकाउंट्सकडून कॉस्ट शीट येते, तिच्यात ज्याचा दर नग खर्च कमी दिसतो त्याच्याकडे काम वळवलं जातं, आणि महिना संपल्यावर एकूण खर्च उतरण्याऐवजी चढलेला असतो. वळवलेलं काम मग पुरेसं नव्हतं असं ठरतं आणि आणखी वळवलं जातं.

याच दुखण्याची आणखी एक खूण आहे, ती सहसा कोणी मोजत नाही. एखादा प्लांट दुरुस्तीसाठी अर्धा महिना बंद राहतो आणि नेमका त्याच महिन्यात एकूण खर्च कमी येतो. अशी नोंद तुमच्या मागच्या वर्षभराच्या आकड्यांत सापडली, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

आकडे धरून पाहू

दोन प्लांट घेऊ, एक जुना आणि एक नवा. जुन्याचा महिन्याचा स्थिर खर्च १२ लाख रुपये, बदलता खर्च नगामागे २१० रुपये आणि क्षमता १०,००० नग. नव्याचा स्थिर खर्च ३० लाख, बदलता खर्च नगामागे १६० आणि क्षमता १५,००० नग. मागणी १८,००० नग. आकडे सोयीसाठी गोल धरले आहेत, पण ठेवण नेहमीचीच आहे: जुन्या प्लांटची यंत्रं कधीच फिटलेली, त्यामुळे स्थिर खर्च कमी, पण मजुरी आणि ऊर्जा जास्त लागते. नव्याचं बरोबर उलट.

समजा सध्या जुन्यात ८,००० आणि नव्यात १०,००० नग बनतात. कॉस्ट शीट सांगते की जुन्याचा नग ३६० रुपयांना पडतो (२१० अधिक स्थिर खर्चाचे १५०) आणि नव्याचा ४६० रुपयांना (१६० अधिक ३००). मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच, "साहेब, शंभर रुपयांचा फरक आहे. नव्याला काम द्यायचंच कशाला?" यावर उत्तर सुचत नाही, म्हणून जुना भरून टाकला जातो. जुन्यात १०,०००, नव्यात ८,०००. आता जुन्याचा नग ३३० ला आणि नव्याचा ५३५ ला. फरक दुप्पट झाला, म्हणजे निर्णय किती बरोबर होता हे शीटनेच सिद्ध केलं!

पण एकूण खर्च पाहा. आधी जुन्याचे २८.८ लाख आणि नव्याचे ४६ लाख मिळून ७४.८ लाख होते. आता ३३ आणि ४२.८ मिळून ७५.८ लाख. एक लाख वाढला. हा लाख कुठून आला ते शोधायला फार लांब जावं लागत नाही: २,००० नग नव्याकडून जुन्याकडे गेले आणि प्रत्येकामागे बदलता खर्च ५० रुपयांनी वाढला. स्थिर खर्च होता तिथेच आहे, ४२ लाख.

पुढच्या महिन्यात जुना दुरुस्तीला गेला आणि त्याच्याकडून ४,००० नगच निघाले. उरलेले १४,००० नव्यावर आले. आता शीट म्हणते जुना ५१० ला, नवा ३७४ ला. फासा उलटा पडला आणि एकूण खर्च ७२.८ लाखांवर उतरला, तीन लाखांनी कमी.

मूळ दोष इथेच आहे. दर नग पूर्ण खर्च हा आकडा प्लांटची कार्यक्षमता दाखवत नाही. गेल्या महिन्यात तुम्ही त्याला किती काम दिलं होतं, तेच तो फिरवून सांगतो. ज्याला भरलं तो स्वस्त दिसणार, ज्याला रिकामं ठेवलं तो महाग. तो आकडा पाहून पुढची विभागणी करणं म्हणजे आरशात पाहून रस्ता विचारणं.

"दोघांना सारखं" हाही इलाज नाही

वादाला कंटाळून काही ठिकाणी दोन्ही प्लांट क्षमतेच्या सारख्याच टक्क्यांवर चालवायचं ठरतं. एकूण क्षमता २५,०००, मागणी १८,०००, म्हणून दोघांनाही ७२ टक्के. जुना ७,२००, नवा १०,८००. दिसायला न्याय्य आहे, पण एकूण खर्च ७४.४ लाख येतो. हा आकडा लक्षात ठेवा, कारण नीट वाटणी केली तर याच ७४.४ लाखांत १९,००० नग निघतात. ते पुढे येईलच.

पहिली दुरुस्ती: विभागणीसाठी फक्त बदलता खर्च

दोन्ही प्लांट चालूच राहणार असतील, तर स्थिर खर्च विभागणीच्या गणितात येतच नाही. कोणीही किती नग केले तरी ते ४२ लाख जाणारच आहेत. प्रश्न एवढाच उरतो की पुढचा नग कुठे बनवला तर कमी पैसे जातील. नव्यात १६०, जुन्यात २१०. म्हणून आधी नवा त्याच्या क्षमतेपर्यंत भरायचा आणि उरलेलं जुन्याला द्यायचं. नवा १५,०००, जुना ३,०००. एकूण ५४ आणि १८.३ मिळून ७२.३ लाख.

आता कॉस्ट शीटमध्ये जुन्याचा नग ६१० रुपयांना पडताना दिसेल. कोणीतरी घाबरून फोन करेल. एकूण खर्च दोन्ही प्लांट चालू ठेवून शक्य आहे तेवढा कमी असताना शीटवरचा हा आकडा सगळ्यात भयानक दिसतो. म्हणून विभागणी बदलण्याआधीच संबंधितांना सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच महिन्यात सगळं पूर्ववत होतं.

बदलता खर्च खरंच बदलता आहे का?

इथे बरेच जण अडखळतात. नियम पटतो, पण '२१०' हा आकडा आणतात कुठून? बहुतेक वेळा महिन्याच्या खर्चाला महिन्याच्या नगांनी भागून. मग त्या २१० च्या पोटात स्थिर खर्चाचा तुकडा लपलेला असतो आणि जुनंच दुखणं नव्या नावाने परत येतं.

विजेचं बिल हे याचं नेहमीचं उदाहरण. जुन्या प्लांटमध्ये ८,००० नग बनले त्या महिन्याचं बिल ४,४०,००० आलं, म्हणजे नगामागे ५५. ५,००० नग बनले त्या महिन्याचं ३,५०,०००, म्हणजे नगामागे ७०. बदलता खर्च म्हणावा तो ५५ की ७०? दोन्ही नाहीत. नगांतला फरक ३,०००, बिलातला फरक ९०,०००, म्हणजे नगामागे ३० रुपये. उरलेले २ लाख मंजूर भाराचे, एक नग बनला काय आणि दहा हजार बनले काय, ते भरावेच लागतात.

हीच युक्ती प्रत्येक खर्चावर वापरा. दोन महिन्यांऐवजी बारा महिन्यांचे बिंदू कागदावर मांडले तर बरं, कारण एखाद्या महिन्यात दर वाढलेला असतो किंवा थकबाकी आलेली असते. बिंदूंमधून जाणाऱ्या रेषेचा चढ म्हणजे बदलता खर्च, आणि ती रेषा शून्य नगांपाशी जिथे उभ्या अक्षाला टेकते तो स्थिर. तपासणी सोपी आहे: तुमच्या शीटमधला 'बदलता खर्च' उत्पादन घटलं की वाढत असेल, तर त्यात स्थिर खर्च मिसळलेला आहे.

भागताना खाली चांगले नग घ्या, बनलेले नव्हेत. एका प्लांटमध्ये शंभरातले चार रिजेक्ट होत असतील, तर तिथला १६० चा नग प्रत्यक्षात १६७ च्या जवळ पडतो.

दुसरी दुरुस्ती: बंद ठेवण्याचा पर्याय मोजा

आतापर्यंत दोन्ही प्लांट चालूच राहणार असं धरलं होतं. पण ७२.३ लाखांच्या योजनेत जुना प्लांट ३,००० नगांसाठी महिनाभर जागा ठेवला आहे. इतक्याशा कामासाठी तो चालू ठेवावा का?

यासाठी स्थिर खर्चाचे दोन भाग पाडावे लागतात आणि ते काम अकाउंट्सच्या टेबलावर होत नाही, प्लांटवर जाऊन करावं लागतं. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हा प्लांट महिनाभर बंद ठेवला तर हे बिल येईल का? जुन्याच्या १२ लाखांत जागेचं भाडं २.५ लाख, कायम कामगारांचे पगार २ लाख, विजेच्या मंजूर भाराचे २ लाख, घसारा आणि विमा १.५ लाख. हे ८ लाख कुलूप लावलं तरी जातात. उरलेल्या ४ लाखांत कंत्राटी कामगारांची ठरलेली किमान संख्या, बॉयलर गरम ठेवण्याचं इंधन, ने-आण करणाऱ्या गाड्या हे सगळं येतं. हे टळतं. नव्याच्या ३० लाखांपैकी, समजा, ७ लाख टळणारे आणि २३ लाख न टळणारे.

आता नवीन प्लांटमधला ओव्हरटाइम पाहू. ठरलेल्या १५,००० च्या पुढे अजून ३,००० नग ओव्हरटाइमवर निघू शकतात, पण नगामागे २२५ रुपयांनी.

नुसता बदलता खर्च पाहणारा म्हणेल, २२५ पेक्षा २१० बरे, जुना चालवा. बरोबर वाटतं, पण चूक आहे. ३,००० नग ओव्हरटाइमवर केले तर जुन्यापेक्षा १५ रुपयांनी म्हणजे एकूण ४५,००० जास्त जातात, पण जुना बंद राहिल्याने ४ लाख वाचतात. एकूण खर्च ६८.७५ लाख, म्हणजे ७२.३ पेक्षाही साडेतीन लाखांहून कमी.

म्हणून क्रम असा ठेवावा लागतो. कोणते प्लांट चालू ठेवायचे हे टळणाऱ्या स्थिर खर्चावर ठरतं. चालू असलेल्यांत कोणाला किती हे बदलत्या खर्चावर. न टळणारा स्थिर खर्च दोन्ही प्रश्नांत कुठेच येत नाही. वीजनिर्मितीत हेच दोन प्रश्न रोज सोडवले जातात आणि त्यांना दोन वेगळी नावंही आहेत: कोणते संच सुरू ठेवायचे ते युनिट कमिटमेंट, आणि सुरू संचांत भार कसा वाटायचा ते इकॉनॉमिक डिस्पॅच. कारखान्यांच्या मीटिंगमध्ये ते दोन्ही एकाच वाक्यात कोंबले जातात आणि घोळ होतो.

"मागणी वाढली, मग नव्याचं उत्पादन घटलं कसं?"

दुरुस्ती नीट झाली की हा प्रश्न हमखास येतो आणि नवी पद्धत बऱ्याचदा इथेच मोडीत निघते.

मागणी १८,००० असताना नवा १८,००० करतो, जुना बंद. मागणी १९,००० झाली. नव्याची मजल ओव्हरटाइम धरूनही १८,००० पर्यंतच, म्हणजे जुना उघडावाच लागतो. पण उघडला की त्याचे ४ लाख खर्च झालेच. आता तो चालू आहे, म्हणून त्याचा २१० चा नग २२५ च्या ओव्हरटाइमपेक्षा स्वस्त. तेव्हा ओव्हरटाइम पूर्ण बंद करून नवा १५,००० वर आणायचा आणि जुन्याकडून ४,००० घ्यायचे. एकूण ७४.४ लाख. मागणी हजाराने वाढली, नव्याचं उत्पादन तीन हजारांनी घटलं आणि जुन्याचं शून्यावरून चार हजार झालं. नव्या प्लांटच्या मॅनेजरला हे पटवायला वेळ लागतो. गणितात मात्र काही चुकलेलं नाही.

सगळ्या मागण्यांसाठी हा तक्ता एकदाच तयार करून ठेवता येतो:

| महिन्याची मागणी | जुना | नवा |
|---|---|---|
| ६,००० पर्यंत | सगळे | बंद |
| ६,००० ते १८,००० | बंद | सगळे, १५,००० च्या पुढे ओव्हरटाइम |
| १८,००० ते २५,००० | उरलेले | १५,००० |
| २५,००० ते २८,००० | १०,००० | उरलेले, ओव्हरटाइम धरून |

पहिल्या ओळीतले ६,००० असे आले: फक्त नवा चालवला तर टळणाऱ्या खर्चापैकी ७ लाख भरावे लागतात, फक्त जुना चालवला तर ४ लाख. हा ३ लाखांचा फरक नगामागच्या ५० रुपयांच्या बचतीने भरून निघायला ६,००० नग लागतात. जुन्या प्लांटला एका वेळी किमान अमुक माल घालावाच लागतो अशी अट असेल, तर १८,००० च्या जरा पुढची ओळ थोडी बदलते. समजा किमान ४,००० नग लागतात आणि मागणी १८,५०० आहे, तर जुना ४,००० आणि नवा १४,५००.

हा तक्ता विक्री विभागाकडेही असायला हवा. १८,००० नगांचा माल आधीच ठरलेला असताना कोणी आणखी हजार नगांची ऑर्डर आणली, तर त्या हजाराचा खरा खर्च ७४.४ वजा ६८.७५, म्हणजे ५.६५ लाख आहे. नगामागे ५६५. सरासरी ३८२ पाहून चारशेला ऑर्डर घेतली तर प्रत्येक नगावर १६५ रुपये खिशातून जातात. आणि त्याच्या पुढचा हजार मात्र २१० मध्येच निघतो. म्हणजे १८,००० वरून १९,००० वर जाणं महाग, १९,००० वरून २३,००० वर जाणं स्वस्त.

पायरी ओलांडण्याआधी साठा पाहा

मागणी एका महिन्यात १७,००० आणि पुढच्यात १९,००० अशी असेल तर दुसऱ्या महिन्यात जुना उघडायची घाई करू नका. महिन्यागणिक वेगळा हिशेब केला तर पहिल्या महिन्याचे ६६.५ लाख आणि दुसऱ्याचे ७४.४ लाख, मिळून १४०.९ लाख. त्याऐवजी दोन्ही महिने नव्यातच १८,००० काढले आणि पहिल्या महिन्यातले हजार नग गोदामात ठेवले, तर १३७.५ लाख. ३.४ लाखांचा फरक पडतो आणि त्यातून हजार नग महिनाभर ठेवण्याचा खर्च वजा करायचा. माल नाशवंत नसेल आणि जागा असेल, तर तो खर्च या फरकाच्या जवळपासही येत नाही. शिवाय जुना बंद-चालू करताना दर वेळी जो खर्च होतो (बॉयलर पुन्हा पेटवणं, पहिल्या बॅचचा वाया जाणारा माल, कंत्राटी माणसं पुन्हा जमवणं) तो वर धरलेलाच नाही. तो धरला की साठ्याची बाजू आणखी जड होते. उलट तो खर्च मोठा असेल आणि मागणी महिनाआड १८,००० च्या पलीकडे जात असेल, तर मधल्या महिन्यातही जुना चालू ठेवणं परवडू शकतं. म्हणून हा निर्णय एका महिन्याचा न धरता निदान तीन-चार महिने समोर मांडून घ्यावा.

एक्सेलमधला Solver चुकीचं उत्तर देतोय

दोनच प्लांट असतील तर Solver ची गरजच नाही. तीन शक्यता आहेत: दोन्ही चालू, फक्त नवा, फक्त जुना. प्रत्येकीत स्वस्त नग आधी भरून एकूण खर्च काढायचा आणि सर्वांत कमी तो निवडायचा. पण बऱ्याच जणांकडे शीट आधीच तयार असते, म्हणून त्यातले नेहमीचे दोन बिघाड सांगतो.

पहिला: स्थिर खर्च `IF(j>0,400000,0)` असा लिहिलेला असतो. Solver ची Simplex LP पद्धत हे घेत नाही, मग माणूस GRG Nonlinear ही पद्धत निवडतो. ते उतार पाहून थोडं थोडं सरकतं. सेलमध्ये सुरुवातीला जुन्याचे ३,००० नग असतील तर ते तिथेच बसतं, कारण ३,००० चे २,९९० केले तर खर्च वाढतोच, आणि शून्यावर गेल्यावर मिळणारे ४ लाख त्याला दिसत नाहीत. ओळखायची खूण अशी की सुरुवातीचे आकडे बदलले की उत्तरही बदलतं.

त्याऐवजी चालू-बंद वेगळ्या सेलमध्ये घ्या आणि तिथे `bin` ही अट लावा. `n` म्हणजे नव्याचे नेहमीचे नग, `o` ओव्हरटाइमचे, `j` जुन्याचे, `D` मागणी, आणि `yn`, `yj` म्हणजे नवा आणि जुना चालू असेल तर १, बंद असेल तर ०:

```
min 160*n + 225*o + 210*j + 700000*yn + 400000*yj
n + o + j = D
n <= 15000*yn
o <= 3000*yn
j <= 10000*yj
yn, yj = bin
```

न टळणारे ३१ लाख यात नाहीत. एकूण आकडा हवा असेल तर शेवटी मिळवा.

दुसरा बिघाड: अटी अशाच असूनही १९,००० मागणीला उत्तर नवा १८,०००, जुना १,००० असं येतं. अशा वेळी `yj` चा सेल पाहा. तिथे ०.१ दिसत असेल, तर Options मध्ये Ignore Integer Constraints वर टिक आहे. Solver ने प्लांटचा दहावा भाग उघडला आणि ४ लाखांऐवजी ४० हजारच मोजले. ३१ लाख मिळवून तो ७१.२५ लाख दाखवेल, प्रत्यक्षात त्या विभागणीला ७४.८५ लाख लागतात. टिक काढा. तिथेच Integer Optimality (%) मध्ये १ असेल तर ० करा. एक टक्का ढील म्हणजे इथे त्रेचाळीस-चव्वेचाळीस हजार, आणि ३१ लाख सूत्रातच मिळवले असतील तर सत्तर हजारांच्या पुढे. योग्य आणि अयोग्य उत्तरातला फरक ४५,००० चाच आहे. सत्तर हजारांच्या ढिलाईत तो आधी सापडलेल्या चुकीच्या उत्तरावरच थांबू शकतो.

वाहतूक

बदलता खर्च ग्राहकाच्या दारापर्यंतचा धरा, कारखान्याच्या गेटपर्यंतचा नव्हे. समजा २,००० नगांचे ग्राहक जुन्या प्लांटच्या जवळ आहेत आणि तिथून वाहतूक नगामागे ७० रुपयांनी स्वस्त पडते. बनवण्यातले ५० जास्त गेले तरी २० वाचतात, एकूण ४०,०००. नव्यात तेच नग ओव्हरटाइमवर होत असतील, तर फरक ८५ रुपयांवर जातो, तरी एकूण १,७०,०००. दोन्ही हिशेबांनी जुना उघडायला लागणारे ४ लाख भरून निघत नाहीत. त्यामुळे १८,००० ला तो बंदच. १९,००० ला तो ४,००० करणारच आहे, तेव्हा जवळच्या ग्राहकांना त्यातलेच २,००० द्या. विभागणी तीच राहते, फक्त कोणाचा माल कुठून निघेल ते बदलतं. ग्राहक बरेच आणि दर सगळ्यांना वेगळे असतील, तर मात्र वरच्या सूत्रात प्रत्येक ग्राहकगटासाठी वेगळे `n`, `o`, `j` घ्यावे लागतात.

दुखणं परत का येतं

तक्ता झाला, सूत्र झालं, तरी दोन-तीन महिन्यांत जुनी पद्धत डोकं वर काढते. कारण बहुतेक वेळा एकच असतं: प्लांट मॅनेजरचं वर्षाचं मूल्यमापन दर नग पूर्ण खर्चावर होतं. जुन्या प्लांटच्या मॅनेजरला ३,००० नग दिले की कागदावर त्याचा नग ६१० चा होतो, त्यात त्याचा काही दोष नसतो, पण मीटिंगमध्ये तो जास्तीचं काम मागणारच. त्याचं मूल्यमापन बदलत्या खर्चावर आणि टळणाऱ्या स्थिर खर्चाच्या ठरलेल्या मर्यादेवर करा. मीटिंगला येणाऱ्या शीटमधून दर नग पूर्ण खर्चाचा रकाना काढून टाका. ताळेबंदातल्या साठ्याचं मूल्य काढायला तो लागतो, तिथे राहू द्या.

कोणता आकडा किती अचूक हवा

सगळेच आकडे रुपयापर्यंत बरोबर मिळवायला बसलात तर महिना जाईल. १८,००० मागणीचा निर्णय पाहा. ओव्हरटाइमचा दर २२५ वरून ३०० वर गेला तरी जुना बंदच ठेवायचा, कारण ४ लाखांना ३,००० ने भागलं की १३३ येतात, म्हणजे ओव्हरटाइम ३४३ च्या पुढे गेला तरच निर्णय फिरतो. टळणारा खर्च ४ ऐवजी ३ लाख निघाला तरी निर्णय तोच. तो ४५,००० च्या खाली आला तर बदलेल. पण मागणी ६,००० च्या आसपास घुटमळत असेल, तर ७ आणि ४ लाख हे दोन्ही आकडे पुन्हा तपासावे लागतात, कारण त्यांच्यातला फरक ३ ऐवजी ४ लाख झाला की सीमा ६,००० वरून थेट ८,००० वर जाते. आधी तुमची मागणी कोणत्या सीमेजवळ आहे ते पाहा आणि ज्या आकड्यावर ती सीमा उभी आहे, तोच खोदून काढा.